पीपीएफमधून अर्धे पैसे काढता येतात, पण नेमके कशाचे अर्धे?

फेब्रुवारी २०२६ मधली गोष्ट. आमच्या गल्लीतले आप्पा पिशवीतून पासबुक काढत ओट्यावर येऊन बसले. चोपडा तालुक्यात त्यांची कापसाची शेती आहे. मुलगी बारावीला असून तिला फार्मसीला घालायचं ठरलं होतं. फी आणि वसतिगृह धरून पहिल्या वर्षाला १ लाख ८० हजार लागणार, असा त्यांचा हिशोब होता. पीपीएफच्या पासबुकात शिल्लक दिसत होती ४,११,८७०. ‘पाच वर्षांनी अर्धे काढता येतात’ हे त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं. म्हणजे २ लाखांच्या वर रक्कम हातात येईल, फीची सोय झाली, असं धरून ते शाखेत गेले. तिथे काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की आज काहीच मिळणार नाही, आणि एप्रिलनंतर आलात तरी ९८ हजारच मिळतील.

आप्पा माझ्यापुढे पासबुक ठेवून म्हणाले, “भाऊ, पैसा मना शे, खातं मनं शे, मंग अर्धा बी काब भेटतस नही?”

मी बँकेतून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं अशाच काउंटरमागे बसून काढली, आणि हाच प्रश्न मला दरवर्षी निदान दहा जणांनी तरी विचारला. त्या मुलीने सांगितलेला आकडा बरोबरच होता. फक्त तो कसा आला हे समजावून सांगायला तिला गर्दीत वेळ मिळाला नाही. ते आज सविस्तर लिहितो, कारण पीपीएफमध्ये माणसाचा हिशोब चुकतो तो बहुधा इथेच.

आधी खात्याची ओळख थोडक्यात. पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. ही केंद्र सरकारची योजना १९६८ पासून चालू आहे, आणि सध्या तिला २०१९ चे नियम लागू आहेत. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं. माणशी एकच खातं, आणि तेही एकट्याच्या नावाने; जोडखातं होत नाही. वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. व्याज सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. आप्पांचं खातं उघडल्यापासून तो दर ७.१ टक्केच राहिला आहे. व्याजावर प्राप्तिकर नाही. खात्याची मुदत १५ वर्षांची.

या योजनेत ‘वर्ष’ म्हणजे आर्थिक वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च. आपण शेतकरी माणसं वर्ष मोजतो आखाजी ते आखाजी. पगारदार माणूस खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजतो. खातं मात्र या दोन्हींकडे बघत नाही. ते ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपलं की मगच घड्याळ सुरू होतं.

आप्पांनी खातं उघडलं १२ डिसेंबर २०२० ला. त्या हंगामातला कापूस खेडा खरेदीत मोजला आणि हातात आलेल्या पैशातून ६०,००० भरले. ते आर्थिक वर्ष २०२०-२१ होतं आणि ते ३१ मार्च २०२१ ला संपलं. तिथून पाच वर्षं मोजली की येतो ३१ मार्च २०२६. म्हणजे पैसे काढायची पहिली संधी १ एप्रिल २०२६ पासून. डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२५ अशी पाच वर्षं आप्पांच्या मनात पूर्ण झाली होती. नियमाच्या हिशोबाने ती अजून व्हायची होती. फेब्रुवारीत त्यांना परत पाठवलं ते एवढ्यासाठी.

मुदतही अशीच मोजतात. हे खातं डिसेंबर २०३५ ला पिकणार नाही, १ एप्रिल २०३६ ला पिकेल. म्हणून खातं उघडायचं मनात असेल आणि मार्च चालू असेल, तर मार्चमध्येच ५०० रुपये भरून उघडून टाकावं. २८ मार्चला उघडलेलं आणि ३ एप्रिलला उघडलेलं, या दोन खात्यांत दिवसांचा फरक आठवडाभराचा असतो, पण पैसे मोकळे होण्यात पूर्ण एक वर्षाचा.

आता अर्ध्याकडे येऊ. नियम असा आहे: ज्या वर्षी पैसे काढायचे, त्याच्या मागच्या चौथ्या वर्षाअखेरची शिल्लक बघायची. लगेच मागच्या वर्षाअखेरची शिल्लकही बघायची. या दोन्हींपैकी जी कमी असेल तिचे ५० टक्के काढता येतात. अर्धे मिळतात हे खरंच आहे. पण ते आजच्या शिलकेचे नसतात, चार वर्षांमागच्या शिलकेचे असतात. खात्यात दरवर्षी भर पडत असते, त्यामुळे चार वर्षांमागचा आकडा साहजिकच लहान असतो.

मी आप्पांना पासबुकावर बोट ठेवून दाखवलं. २०२६-२७ मध्ये पैसे काढायचे, तर मागे मोजत चला. पहिलं २०२५-२६, दुसरं २०२४-२५, तिसरं २०२३-२४, चौथं २०२२-२३. म्हणजे ३१ मार्च २०२३ ची ओळ शोधायची.

आप्पा दरवर्षी डिसेंबरमध्ये १२ तारखेच्या सुमारास ६०,००० भरत आले. ३१ मार्च २०२१ ला व्याजासह ६१,०६५ झाले. पुढच्या मार्चअखेर १,२६,४६६. आणि ३१ मार्च २०२३ ला १,९६,५१०. याचे अर्धे ९८,२५५. काउंटरवरच्या मुलीने सांगितलेला आकडा हाच.

त्यानंतर भरलेले तीन वर्षांचे १,८०,००० आणि वाढलेलं व्याज खात्यात आहेच, कुठे गेलेलं नाही. या वर्षीचं व्याज ३१ मार्चला जमा झालं की शिल्लक ४,३७,९१८ होईल. पण ती वाढ यंदाच्या ‘अर्ध्या’त धरत नाहीत. आज भरलेला पैसा काढण्याच्या हिशोबात येतो तो त्यानंतरच्या चौथ्या आर्थिक वर्षात, आणि तेव्हाही अर्धाच.

माझ्या नोकरीच्या काळातला एक शेतकरी यामुळे फार अडचणीत आला होता. त्याने खातं वेळेवर उघडलं, पण सहा वर्षं फक्त ५००-५०० भरून जिवंत ठेवलं. सातव्या वर्षी जमिनीचा एक तुकडा विकला आणि पूर्ण दीड लाख भरले. खात्याला पाच वर्षं होऊन गेली आहेत, गरज पडली तर अर्धे काढू, असं त्याच्या डोक्यात होतं. पुढच्याच वर्षी घरात आजारपण आलं. चार वर्षांमागच्या शिलकेचा हिशोब काढला तर दोन हजाराच्या आसपास होता, आणि त्याचे अर्धे एक हजार. गंभीर आजारासाठी खातं मुदतीआधी बंद करायची सोय आहे, पण ती जीवघेण्या आजाराला लागू होते, आणि त्यांच्या घरचं आजारपण त्यात बसत नव्हतं. खातं जुनं असून भागत नाही, त्यातला पैसाही जुना लागतो. म्हणून पाच-सहा वर्षांत लागणारे पैसे एकगठ्ठा पीपीएफमध्ये टाकू नका, असं मी लोकांना स्पष्ट सांगतो. लांबचं खातं आहे ते, त्याला लांबचंच काम द्यावं.

आप्पांचं तसं नव्हतं. त्यांनी दरवर्षी सारखी रक्कम भरली होती, त्यामुळे त्यांना मार्ग होता. वर्षातून एकदाच पैसे काढता येतात, पण इथेही वर्ष म्हणजे आर्थिक वर्ष. २०२६-२७ मध्ये ९८,२५५ काढले, की १ एप्रिल २०२७ ला नवं वर्ष लागतं आणि पुन्हा हक्क मिळतो. तेव्हा बघायची ओळ ३१ मार्च २०२४ ची, शिल्लक २,७१,५२७. तिचे अर्धे १,३५,७६३. आधीच्या वर्षी पैसे काढले म्हणून हा आकडा कमी होत नाही, कारण तेवढे काढूनही मार्च २०२७ ची शिल्लक २,७१,५२७ च्या बरीच वर राहते, आणि नियमात कमी असलेला आकडाच धरायचा असतो. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या फीला खात्यातून जास्त मोठा हातभार मिळणार होता. अडचण फक्त पहिल्या वर्षाची.

ज्यांना एकदम जास्त रक्कम लागते त्यांच्यासाठी यातच एक सोय आहे. एकदा मार्चमध्ये काढायचे आणि लगेच एप्रिलमध्ये पुन्हा. दोन आर्थिक वर्षं असल्यामुळे दोन्ही वेळा चालतं. आप्पांच्या खात्यात मात्र मार्च २०२६ ला पाच वर्षंच व्हायची होती, म्हणून हे त्यांच्या कामाचं नव्हतं.

मग आप्पांनी विचारलं, सगळं खातंच बंद केलं तर? हा प्रश्न रास्त होता, कारण पाच वर्षांनंतर, म्हणजे त्याच १ एप्रिल २०२६ पासून, खातं मुदतीआधी बंद करता येतं. पण त्याला ठरावीक कारणं लागतात. खातेदाराला, जोडीदाराला, अवलंबून असलेल्या मुलांना किंवा आईवडिलांना जीवघेणा आजार, खातेदाराचं किंवा अवलंबून असलेल्या मुलांचं उच्च शिक्षण, किंवा खातेदार परदेशी रहिवासी झाला तर. लग्न, विहीर, ट्रॅक्टर, घर ही कारणं चालत नाहीत. शिक्षणासाठी प्रवेशाचे कागद आणि फीची पावती द्यावी लागते. अर्धे काढताना मात्र असं कुठलंच कारण सांगावं लागत नाही.

बंद करायला किंमतही मोजावी लागते. खातं उघडल्यापासून आजवर दिलेल्या व्याजातून १ टक्का दराने कापून घेतात. म्हणजे आप्पांना सगळी वर्षं ७.१ ऐवजी ६.१ टक्क्यांनी पैसे मिळाल्यासारखे होतात. मी कागदावर मांडून बघितलं. ४,३७,९१८ च्या जागी साधारण ४,२५,९७० हातात येतात. बारा हजारांचा फटका. पण मला बारा हजारांपेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी वाटत होती. खातं बंद केलं की नवं उघडता येतं, पण त्याची १५ वर्षं पहिल्यापासून सुरू होतात, आणि पाच वर्षांचं कुलूपही पुन्हा लागतं. आप्पांचं वय ४८. सहा वर्षं मागे पडलेलं खातं मोडून ५४ व्या वर्षापर्यंत पुन्हा हात बांधून घेणं मला पटलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

तिसरा रस्ता कर्जाचा होता, पण तो लवकरच बंद होणार होता. पीपीएफवर कर्ज मिळतं ते खातं उघडलेलं वर्ष संपल्यानंतर एक वर्ष झालं की, आणि पाच वर्षं व्हायच्या आत. रक्कम ठरते मागच्या दुसऱ्या वर्षाअखेरच्या शिलकेच्या २५ टक्के. आप्पांना ३१ मार्च २०२६ पर्यंत ६७,८८१ मिळू शकले असते. ३६ महिन्यांत मुद्दल फेडलं तर व्याज १ टक्का, नाही तर ६ टक्के. पण फी ऑगस्टमध्ये भरायची आणि कर्ज मार्चमध्ये उचलायचं, यात अर्थ नव्हता. ज्यांचं खातं दोन ते पाच वर्षांचं आहे त्यांनी मात्र सोनं गहाण ठेवायच्या आधी या कर्जाची चौकशी जरूर करावी.

शेवटी ठरलं ते असं. ऑगस्टमध्ये ९८,२५५ काढायचे, उरलेले ८२ हजार घरात साठवलेल्या कापसातून उभे करायचे, आणि दुसऱ्या वर्षाची फी एप्रिल २०२७ नंतर पुन्हा खात्यातून.

पैसे काढायची तारीखही मी त्यांना लिहून दिली. पीपीएफमध्ये महिन्याचं व्याज मिळतं ते ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर. ३१ जुलैला पैसे काढले तर पूर्ण जुलैचं व्याज जातं. १ ऑगस्टला काढले तर जुलैचं मिळतं. ९८,२५५ वर एका महिन्याचे ५८१ रुपये होतात. एक दिवस थांबून ५८१ रुपये मिळत असतील तर का थांबू नये?

भरतानाही तेच. आप्पा १२ डिसेंबरला भरायचे, म्हणून डिसेंबरचं व्याज जायचं आणि जानेवारीपासून सुरू व्हायचं. ६०,००० वर महिन्याचे ३५५ रुपये, असं दर वर्षी. ५ तारखेच्या आत भरलं असतं तर तेही मिळाले असते. कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडून कधी येतील ते आपल्या हातात नसतं हे खरं, पण पैसे हातात आलेच असतील तर ५ तारीख चुकवू नये. चेकने भरणार असाल तर दोन-चार दिवस आधी टाका.

आपल्या भागात यापेक्षा महत्त्वाची तारीख ३१ मार्च आहे. भाव वाढेल म्हणून लोक कापूस घरात ठेवतात आणि एप्रिल-मेमध्ये मोजतात. ते पैसे एप्रिलमध्ये भरले की पुढच्या आर्थिक वर्षात गेले. मग चार वर्षांमागची ओळ बघायची वेळ येते तेव्हा ती रक्कम एक वर्ष उशिरा दिसते. मुलांच्या शिक्षणाचं वर्ष डोळ्यांपुढे ठेवून भरणाऱ्याने हंगामातले थोडे तरी पैसे मार्चच्या आत खात्यात टाकावेत.

नापिकीच्या वर्षाबद्दलही सांगायला हवं. बोंडअळीने किंवा पावसाने कापूस गेला की लोक त्या वर्षी खात्याकडे बघतच नाहीत. वर्षात ५०० रुपयेही भरले नाहीत तर खातं खंडित होतं. आधीच्या पैशावर व्याज चालू राहतं, त्यामुळे काही बिघडलंय असं पासबुकावरून लक्षात येत नाही. पण खंडित खात्यातून ना कर्ज मिळतं ना अर्धे पैसे काढता येतात. ऐन फीच्या दिवसांत ही गोष्ट कळली की माणूस घाबरतो. उपाय सोपा आहे. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि दंडाचे ५० भरायचे. दोन वर्षं चुकली असतील तर ११०० रुपये. अर्ज करायच्या आधीच हे करून घ्यावं.

वरच्या मर्यादेत चूक होते ती मुलांच्या खात्यामुळे. स्वतःच्या खात्यात दीड लाख आणि अज्ञान मुलीच्या खात्यात वडिलांनी आणखी ५०,००० भरले, तर ते चालत नाही. स्वतःचं आणि पालक म्हणून चालवलेलं खातं, दोन्ही मिळून दीड लाखच. वरच्या ५०,००० वर व्याज मिळत नाही, ते तसेच परत करतात. बायकोचं स्वतःचं खातं असेल तर तिची दीड लाखाची मर्यादा मात्र वेगळी.

मुदत संपल्यावर काय, तेही आप्पांनी विचारून घेतलं. एप्रिल २०३६ ला सगळे पैसे काढता येतील. नको असतील तर पैसे न भरता तसेच ठेवता येतील, व्याज चालू राहील आणि वर्षातून एकदा हवे तेवढे काढता येतील. भरणंही चालू ठेवायचं असेल तर एका वर्षाच्या आत फॉर्म ४ द्यावा लागतो, त्याने पाच वर्षांची मुदतवाढ मिळते. फॉर्म न देता नुसतेच पैसे भरत राहिलात तर त्या पैशांवर व्याज मिळत नाही. काउंटरवर पैसे घेतले म्हणजे सगळं ठीक आहे असं त्या वेळी समजू नका.

बोलणं झालं तशी आप्पांनी पासबुक उलटं केलं. मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी पेनाने चार ओळी लिहिल्या: मार्च २०२३, मार्च २०२४, मार्च २०२५, मार्च २०२६. प्रत्येकीसमोर मला शिल्लक विचारून घातली, आणि त्याच्या पुढे अर्धे करून कोणत्या वर्षी मिळतील ते वर्षही लिहिलं. शेवटच्या ओळीपुढे २०२९-३० आलं. “पोरगीनं शेवटलं वरीस निंघी जाई तवपावत,” असं म्हणत त्यांनी पासबुक पिशवीत घातलं.